6 लाख कुठे टाकू? आधी ते पैसे आले कुठून ते सांगा

प्रश्न: माझ्याकडे 6 लाख रुपये आहेत आणि महिन्याला 15 हजारची एसआयपी पण सुरू करायची आहे. सध्या कोणते म्युच्युअल फंड चांगले चालू आहेत? 4-5 नावं सांगा प्लीज. जरा लवकर सांगा, मार्केट वर जातंय.

नावं आत्ता नाही सांगत. राग मानू नका, मी भाव खात नाहीये. तुम्ही दोन आकडे दिलेत, 6 लाख आणि 15 हजार, आणि नेमके हेच दोन आकडे घेऊन माझ्याकडे आलेल्या एका माणसाला मी 6 लाखातला एक रुपयाही इक्विटी म्हणजे शेअरवाल्या फंडात टाकू नको म्हटलंय आणि दुसरीला जवळजवळ सगळे टाक म्हटलंय. दोघांना एकच उत्तर दिलं असतं तर एकाचं तरी वाटोळं झालं असतं.

आधी माझं सांगतो म्हणजे तुम्हाला कळेल कोण बोलतंय. मी नाशिकला म्युच्युअल फंड डिस्ट्रिब्युटर आहे, 2006 पासून हेच करतो. माझी कमाई रेग्युलर प्लॅनमधल्या कमिशनवर आहे, म्हणजे तुम्ही जास्त पैसे इक्विटीत टाकले की मला जास्त मिळतात आणि लिक्विड फंडात, म्हणजे थोड्या दिवसांसाठी पैसे ठेवायच्या फंडात, ठेवले की जवळपास काहीच नाही. सल्ल्याची वेगळी फी घेणारे सेबी रजिस्टर्ड ॲडव्हायजर असतात, मी तो नाही. हे डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

आता तो पहिला माणूस. गेल्या वर्षी आला, वय 41, अंबडच्या एमआयडीसीत एका कंपनीत सुपरवायझर. ओळख बदलायला बारीकसारीक गोष्टी बदलतोय, हिशोब तोच आहे. त्यानेही असंच विचारलं, 6 लाख एकरकमी आणि 15 हजारची एसआयपी, मित्राने सांगितलेला एक स्मॉल कॅप, म्हणजे छोट्या कंपन्यांचे शेअर घेणारा, फंड मोबाईलमध्ये आधीच उघडून ठेवलेला, एक वर्षाचे रिटर्न दाखवत म्हणाला सर ह्यातच टाकू ना? मी विचारलं रिस्क चालेल का, तर म्हणाला चालेल की, लाँग टर्मच आहे.

हा 'लाँग टर्म' शब्द मी रोज ऐकतो. कोणाचा लाँग टर्म दोन वर्षांचा असतो, कोणाचा पुढच्या दिवाळीपर्यंत. त्यामुळे किती वर्षांसाठी असं मी हल्ली सरळ विचारतच नाही, ते पैसे आले कुठून ते विचारतो. पैसा कुठून आला हे कळलं ना की तो कशासाठी आहे हे नव्वद टक्के वेळा आपोआप कळतं, कारण आपल्याकडे घरात पैसा येतो तेव्हाच त्याच्या नावाने काहीतरी ठरलेलं असतं, फक्त ते कागदावर नसतं. बोनसचा पैसा वेगळा, एलआयसी मॅच्युअर झाली तो वेगळा, वडिलांच्या फंडाचा तर अजूनच वेगळा.

तर तो म्हणाला 4 लाख गावाकडच्या जमिनीच्या वाटणीचे आले आणि 2 लाखाची एफडी सुटली. वहिनी तोपर्यंत गप्प बसल्या होत्या, पर्स मांडीवर घेऊन. त्या एकदम म्हणाल्या, "अहो ते तर पोरीच्या ॲडमिशनला ठेवायचं ठरलं होतं ना?" आणि हा म्हणतो, "हो पण ती अजून बारावीला पण गेली नाही, तोवर वाढतील की."

झालं, इथे सगळं उलटलं. मुलगी अकरावीत, म्हणजे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची फी साधारण 15 महिन्यांनी. प्रवेशाच्या कॅप राउंडमध्ये सीट लागली की कॉलेजला रिपोर्ट करून फी भरायला मोजके दिवस असतात, मार्केट सावरेपर्यंत थांबा असं कॉलेजला सांगता येत नाही. निफ्टी 2020 च्या जानेवारीत 12,400 च्या वर होता आणि 24 मार्चला 7,500 च्या जवळ आला, दोन महिन्यात जवळपास 40 टक्के खाली. तो त्याच वर्षी नोव्हेंबरपर्यंत परत वर आला हे खरंय, पण मधल्या काळात ज्याला फी भरायची होती त्याला अडीच लाखाचे दीडच मिळाले असते. आणि प्रत्येक वेळी आठ-दहा महिन्यात सावरतं असंही नाही. सेन्सेक्स जानेवारी 2008 मध्ये 21 हजाराला लागला, मार्च 2009 ला 8 हजारावर होता, 2010 च्या शेवटी कसाबसा परत 21 हजाराला टेकला आणि खऱ्या अर्थाने त्याच्या वर जायला 2013 संपत आलं. म्हणजे जवळजवळ सहा वर्षं. तरी ही सेन्सेक्समधल्या मोठ्या कंपन्यांची गोष्ट आहे, त्याच्या मोबाईलमध्ये तर स्मॉल कॅप फंड होता.

आता रिस्कचं. तो म्हणालाच होता चालेल. फंड घेताना जे रिस्क प्रोफाइलचे प्रश्न असतात ना, तुमची गुंतवणूक 20 टक्के पडली तर काय कराल वगैरे, त्यावर माझा काडीचा विश्वास नाही, कारण मार्केट वर असताना सगळेच शूर असतात आणि 'अजून घेईन' वर टिक करतात. फंडावर जो रिस्कोमीटर असतो त्याचाही इथे उपयोग नाही. तो फंडाची रिस्क सांगतो, तुमची नाही, आणि बहुतेक सगळ्या इक्विटी फंडांचा काटा 'व्हेरी हाय' वरच असतो, मग त्यातून निवडायचं काय.

मी दुसरंच करतो. पॅन आणि ईमेल वापरून कॅम्स किंवा केफिनटेकच्या साइटवरून त्याचं एकत्रित स्टेटमेंट मागवतो, ज्याला कॅस म्हणतात. ते मागवताना दोन गोष्टी नीट निवडायच्या. एक म्हणजे डिटेल्ड, समरी नाही, आणि तारीख अगदी सुरुवातीपासूनची टाकायची. दुसरं, झिरो बॅलन्स फोलिओसकट मागवायचं. हे दुसरं लोक विसरतात आणि मग बंद केलेली खाती दिसतच नाहीत, आणि मला तर बंद केलेलीच बघायची असतात.

ह्याच्या स्टेटमेंटमध्ये निघालं की ऑगस्ट 2018 ला त्याने 2,000 ची एसआयपी सुरू केली होती, एका लार्ज कॅप फंडात. मार्च 2020 चा हप्ता शेवटचा, एप्रिलला बंद केली, आणि मे महिन्यात सगळे युनिट काढून घेतले. 20 हप्त्यांचे 40 हजार भरले होते, हातात आले 32 हजार आणि वर काही शे. मी तो कागद त्याच्यासमोर ठेवला तर म्हणाला अरे हो, हे विसरलोच होतो, तेव्हा ओव्हरटाइम बंद होता, पगार पण अर्धा झाला होता. त्यात त्याची चूक काढायची नव्हती मला. पण 40 हजारावर 8 हजार गेले तेव्हा ज्याने काढून घेतले तो 6 लाखाचे 3 लाख 60 हजार झाल्यावर शांत बसेल असं मी कशाच्या जोरावर धरू? आणि मुळात त्याने काढले ते घाबरून की गरज होती म्हणून, हे त्यालाही नीट आठवत नव्हतं. बहुतेक दोन्ही. हातात दुसरे पैसे नसले की भीती आणि गरज एकाच दिवशी येतात, कारण मार्केट पडतं तेव्हाच ओव्हरटाइम बंद होतो आणि पगार कापले जातात.

म्हणून मग आधीची बचत. इथे लोक फक्त म्युच्युअल फंड आणि शेअर सांगतात, बाकीचं धरतच नाहीत. मी कोऱ्या कागदावर घरातलं सगळं लिहायला लावलं. निघालं ते असं. ईपीएफमध्ये 9 लाख. सेव्हिंग खात्यात 40 हजार. एका पतसंस्थेत अडीच लाखाची ठेव, ती सुटायला अजून पावणेदोन वर्षं. एलआयसीच्या तीन जुन्या एंडोमेंट पॉलिसी, तिन्हीचा मिळून वर्षाचा हप्ता 62 हजार आणि विम्याची रक्कम सगळी मिळून 8 लाख. टर्म इन्शुरन्स नाही. मेडिक्लेम कंपनीचा, 3 लाखाचा, नोकरी गेली की तोही गेला. घराचं कर्ज 14 लाख बाकी, हप्ता 19 हजार.

आता महिन्याचा हिशोब बघा, कारण 15 हजारची एसआयपी ह्यातूनच जाणार होती. हातात पगार 68 हजार. घरखर्च 30, कर्जाचा हप्ता 19, उरले 19. म्हणून तो म्हणत होता 15 आरामात जातील. पण एलआयसीचे 62 हजार वर्षातून एकदा जातात म्हणून महिन्याच्या हिशोबात ते धरलेच नव्हते. ते 12 ने भागले की महिन्याला 5 हजारच्या वर जातात. म्हणजे खरी शिल्लक 14 हजाराच्या आतच, आणि त्यात दिवाळी, गाडीचं सर्व्हिसिंग, लग्नाचे आहेर काहीच नाही. 15 हजारची एसआयपी केली असती तर पहिले काही महिने नीट गेली असती आणि ज्या महिन्यात एलआयसीचा हप्ता त्या महिन्यात बाउन्स. फंडवाले त्याचा दंड लावत नाहीत पण बँक मँडेट परत गेल्याचा चार्ज लावते, आणि महिन्याची एसआयपी सलग तीनदा बाउन्स झाली की बंद होते. माझ्याकडे बंद पडलेल्या एसआयपी बघितल्या तर त्यात मार्केट पडलं म्हणून बंद केलेल्या कमी आणि वर्षाचे खर्च न धरल्यामुळे मेलेल्या जास्त असतील.

मग ते 6 लाख कसे वाटले ते सांगतो.

पहिलं, अडीनडीचे पैसे. नोकरी गेली तरी घरखर्च, कर्जाचा हप्ता आणि एलआयसी चुकत नाही, म्हणजे महिन्याला 54 हजार. सहा महिन्यांचे सव्वातीन लाख होतात. खात्यात 40 हजार होतेच, म्हणून ह्यातून 2 लाख 85 हजार काढले. त्यातले लाखभर बँकेत स्वीप एफडीला, म्हणजे खात्यालाच जोडलेल्या एफडीला, बाकी लिक्विड फंडात. लिक्विड फंडातून काढले की पैसे पुढच्या कामाच्या दिवशी खात्यात येतात, पहिल्या सहा दिवसात काढले तर थोडासा एक्झिट लोड, म्हणजे काढायचा चार्ज, लागतो, त्यानंतर नाही. हे वाढवायला ठेवलेले पैसे नाहीत, व्याजावर स्लॅबप्रमाणे टॅक्स जाऊन फार काही उरत नाही. पण 2020 सारखा मे महिना परत आला तर दुसरीकडचं काही मोडावं लागू नये म्हणून ते आहेत.

दुसरं, पोरीचं पहिलं वर्ष. फी दीड लाख आणि पुण्यात राहायचं तर होस्टेल-मेस धरून अजून एक, म्हणजे अडीच लाख. 15 महिन्यांनी लागणार म्हणून बँकेची एफडी, ॲडमिशनच्या आधीच्या महिन्यात सुटेल अशी. ह्याला म्युच्युअल फंड नकोच.

उरले 65 हजार. त्यातून 1 कोटीचा टर्म इन्शुरन्स वय 60 पर्यंतचा आणि कंपनीच्या 3 लाखांच्या वर चालू होणारा सुपर टॉप-अप मेडिक्लेम, दोन्हीचा मिळून पहिला हप्ता त्याला 27 हजार पडला. तुमचं वय, तब्येत, सिगारेट ह्यावर तुमचा आकडा वेगळा येईल. राहिलेले 38 हजार पुढच्या वर्षीच्या हप्त्यासाठी तसेच ठेवले.

संपले 6 लाख. इक्विटी फंडात शून्य. त्याचा चेहरा पडला, खरं सांगतो. मित्राला काय सांगू म्हणाला.

एसआयपीचं पण असंच झालं. मुलीची पुढची तीन वर्षं आहेतच, दरवर्षी अडीच लाख. दुसऱ्या वर्षासाठी पतसंस्थेची ठेव धरली, ती त्याच्या आधी सुटते. सुटली की पतसंस्थेत रिन्यू करायची नाही, सरळ बँकेत आणायची, कारण बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्यासुद्धा, 5 लाखापर्यंत ठेव विम्याचं संरक्षण आहे आणि पतसंस्थेला ते नाही. दोन टक्के व्याज जास्त देतात म्हणून लोक ठेवतात, आपल्याकडे पतसंस्था बुडाल्यावर किती जणांचे पैसे अडकले ते नाशिक-जळगावकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको. तिसऱ्या आणि चौथ्या वर्षासाठी महिन्याला 10 हजारची आरडी. गणित करून बघा, आजपासून 39 महिन्यांनी तिसऱ्या वर्षाची फी, तोवर आरडीत 3 लाख 90 हजार भरून होतात, त्यातले अडीच गेले, 1 लाख 40 उरले, पुढच्या बारा महिन्यात 1 लाख 20 अजून, की चौथ्या वर्षाचे अडीच तयार. व्याज धरलेलंच नाही, फी वाढेल तिकडे ते जाईल.

मग महिन्याचे राहिले 3 हजार आणि वर काही शे. ते 3 हजार मात्र पूर्ण इक्विटीत, एका साध्या निफ्टी 50 इंडेक्स फंडात, म्हणजे निफ्टीतल्याच 50 कंपन्या घेणाऱ्या फंडात. आता विचाराल की जो 2020 ला घाबरला त्याला पूर्ण इक्विटी का? कारण हे रिटायरमेंटचे आहेत, 19 वर्षं हात लावायचा नाही, आणि रिटायरमेंटच्या नावाने त्याच्याकडे ईपीएफचे 9 लाख आधीच आहेत, ते सगळे व्याजाचेच. त्याच्या शेजारी 3 हजारची एसआयपी कितीही पडली तरी एकूण ताटात ती लोणच्याएवढीच आहे. ह्यासाठीच आधीची बचत विचारतो मी. ज्याचं ईपीएफ, पीपीएफ, एफडी भरपूर आहे त्याला परत शेअर आणि व्याज दोन्ही असलेला हायब्रीड फंड देऊन काय करायचं, आणि ज्याचं घरातलं सगळंच शेअरमध्ये आहे त्याला अजून एक इक्विटी फंड देणं म्हणजे आगीत तेल. चार वर्षांनी फी संपली की आरडीचे 10 हजार पण इकडेच येतील, तेव्हा त्याचं वय 45 असेल, 15 वर्षं हातात असतील, आणि मधल्या काळात एखादी पडझड त्याने 3 हजाराच्या एसआयपीवर सोसलेली असेल. मग त्याची रिस्क घ्यायची तयारी किती ते आपण परत बघू, आणि तेव्हा ते खरं कळेल.

एलआयसीच्या तीन पॉलिसींना मी त्या दिवशी हात लावला नाही. त्यातली एक दोन वर्षात मॅच्युअर होतेय, बाकीच्या दोन पेडअप करायच्या, म्हणजे पुढचे हप्ते बंद करून तशाच ठेवायच्या, का हे टर्म इन्शुरन्स प्रत्यक्ष मिळाल्यानंतर बघायचं. आधी जुना विमा बंद करून मग नवीन मेडिकलमध्ये अडकलेले लोक मी बघितलेत.

ह्या सगळ्या दीड तासाच्या बैठकीतून मला वर्षाचं कमिशन किती मिळालं असेल ते तुम्हीच काढा. चहाचे पण निघत नाहीत. इंडेक्स फंड तू स्वतः डायरेक्ट प्लॅनमध्ये घे, मध्ये माझी गरज नाही, हे पण त्याला सांगितलं, तो म्हणाला नको सर तुमच्याकडेच राहू द्या, परत मे महिना आला तर फोन कोणाला करू.

आता दुसरी. हिंजवडीला नोकरी, वय 29, लग्न झालेलं, नवरा पण नोकरीत, मूल अजून चार-पाच वर्षं नको असं दोघांचं ठरलेलं. ह्या बाईकडे पण 6 लाखच आणि महिन्याचे 15 हजारच. पण पैसे आले कुठून विचारलं तर तीन वर्षांचा बोनस, खात्यात नुसता पडून. घर दोघांनी आधीच घेतलेलं, हप्ता नवऱ्याच्या पगारातून. अडीनडीचे 4 लाख वेगळ्या एफडीत. दोघांचा स्वतःचा मेडिक्लेम, सासरे पेन्शनर. 8-10 वर्षं ह्या पैशाची कसलीच गरज नाही, मी तिसऱ्यांदा फिरवून विचारलं तरी निघाली नाही. इथे मी 5 लाख इक्विटीत म्हटलं, निफ्टी इंडेक्स आणि लहानमोठ्या सगळ्या कंपन्या घेणारा एक फ्लेक्सी कॅप, आणि 15 हजारची एसआयपी पण तिथेच. फक्त एक अडचण, 2020 ला ती कॉलेजात होती, स्वतःचे पैसे पडताना तिने कधी बघितलेलेच नाहीत, त्यामुळे कॅसमध्ये बघायला काही नाही. म्हणून 5 लाख एकदम न टाकता लिक्विड फंडात ठेवून दर महिन्याला थोडे इकडे वळवायचे असं एसटीपी लावलं, दहा महिन्यांचं. एसटीपीने रिटर्न वाढतात असं नाही हां, मार्केट वर जात राहिलं तर उलट थोडे कमीच मिळतात. पण पहिल्याच महिन्यात 5 लाखाचे साडेचार बघून माणूस पळून जातो, ते टळतं. तिच्यासाठी ती किंमत योग्य वाटली मला. उरलेला 1 लाख तिने माझं न ऐकता सोन्यात टाकला. टाकू दे.

तुम्ही ह्या दोघांपैकी कोणासारखे आहात हे मला तुमच्या प्रश्नातून कळत नाही. मार्केट वर जातंय म्हणता त्यावरून इतकंच कळतं की तुम्हाला घाई आहे, आणि घाई असलेल्याला नाव सांगायची चूक मी एकदा केलीय.

डिसेंबर 2007. मी नवा होतो, मार्केट रोज वर, एका इन्फ्रास्ट्रक्चर फंडाचा एनएफओ, म्हणजे नव्या फंडाची पहिली विक्री, चालू होता, 10 रुपयाला युनिट, लोक फॉर्म घेऊन माझ्या मागे. सिन्नरकडचे एक शिक्षक 2 लाखाचा चेक घेऊन आले, म्हणाले चांगला असेल त्यात टाका. मी टाकला. तेव्हा पैसे टाकतानाच कापला जाणारा सव्वादोन टक्के एंट्री लोड असायचा, त्यातूनच माझं कमिशन, आणि मी त्यांना एक शब्द विचारला नाही. पुढच्या नोव्हेंबरला आले, बहिणीचं लग्न ठरलं होतं, ते पैसे त्यासाठीच होते म्हणे. 2 लाखाचे 80 हजार आणि काहीतरी मिळाले. त्यांनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. फॉर्मवर सही केली, "ठीक आहे, तुम्ही तरी काय करणार" म्हणाले आणि गेले. तो फंड वाईट नव्हता, त्याच्यासारखे सगळेच पडले होते. मी एक प्रश्न विचारला असता तर तो चेक एफडीला गेला असता.

रिटर्नच्या यादीचं पण एक सांगून ठेवतो, कारण तुमची 4-5 नावं तुम्ही कुठूनतरी शोधणारच. ॲपवर एक वर्षाच्या रिटर्नने क्रम लावला की वर दिसतात ते बहुतेक कुठल्यातरी एका सेक्टरचे नाहीतर स्मॉल कॅप, म्हणजे गेल्या वर्षी जे पळालं ते. 2017 ला स्मॉल कॅप सुसाट होते, वर्षअखेरीला यादीत वर तेच, आणि तेव्हा यादी बघून घेणाऱ्यांना 2018 मध्ये स्मॉल कॅप इंडेक्स पाव भागापेक्षा जास्त पडलेला बघावा लागला. फंड निवडणं हा ह्या कामातला शेवटचा आणि खरंतर सगळ्यात सोपा भाग आहे. इक्विटी किती, कधीपर्यंत, हे ठरलं की अमुक फंड की तमुक ह्याने एक-दोन टक्क्यांचा फरक पडेल. ते ठरलंच नसेल तर यादीतला पहिला फंड घेऊनसुद्धा 40 टक्के खाली असताना काढायची वेळ येते.

तर परत लिहा, एवढं सांगा. हे 6 लाख आले कुठून आणि घरात त्यांच्या नावाने काही ठरलंय का, हे बायकोला किंवा नवऱ्याला, आईला विचारून लिहा, स्वतःच्या मनाने नको. पुढच्या पाच वर्षात लाखाच्या वरचे खर्च कोणते आणि अंदाजे कोणत्या महिन्यात. हातात येणारा पगार आणि त्यातून जाणारे हप्ते, वर्षातून एकदा जाणारे पण धरून. ईपीएफ, पीपीएफ, एफडी, पोस्ट, पतसंस्था, भिशी, सोनं, एलआयसी, आणि कर्ज, क्रेडिट कार्डाची बाकी असेल तर तीही, लाजू नका, ती असेल तर सगळ्यात आधी तीच फेडायची. आणि आधी कधी फंड किंवा शेअर घेतले असतील तर झिरो बॅलन्स फोलिओसकट कॅस काढून मार्च ते मे 2020 मध्ये तुम्ही काय केलंत ते बघून सांगा. पॅन, फोलिओ नंबर, फोन नंबर मात्र इथे टाकू नका, आकडे पुरे.

तोवर ते 6 लाख आहेत तिथेच राहू द्या, फार तर बँकेत सांगून स्वीप लावून घ्या. महिना-दोन महिने थांबल्याने मार्केट कुठे पळून जात नाही, आणि गेलंच तर ते पैसे ॲडमिशनचे नव्हते ना हे तरी तोवर तुम्हाला कळलेलं असेल.